पोर्टफोलिओ आढाव्याच्या स्लाइड्स

गुंतवणूकदारासमोर मांडायच्या आढाव्यात पहिली स्लाइड वाटणीची असावी, कारण परतावा आणि जोखीम दोन्ही तिच्यातूनच येतात. समजा, शेअर्स 60 आणि कर्जरोखे 40 टक्के असे ठरवून 50 लाख रुपये गुंतवले. शेअर्सचे 30 लाख वाढून 45 लाख झाले, रोख्यांचे 20 लाख 22 लाखांवर गेले. आता 67 लाखांत शेअर्सचा वाटा 67 टक्के आहे. ठरलेले आणि आजचे प्रमाण शेजारीशेजारी दाखवावे.

कामगिरीच्या स्लाइडवर शुल्क वजा केलेला परतावा द्यावा. तुलना एकट्या निफ्टीशी करणे चूक. लाभांशासहित निफ्टी आणि रोख्यांचा निर्देशांक यांचे 60:40 मिश्रण हाच योग्य मापदंड.

जोखमीची स्लाइड रुपयांत बोलावी. प्रमाण विचलन बहुतेकांना कळत नाही, तोटा लगेच कळतो. 2020च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी सुमारे 38 टक्के घसरला होता. तशी घसरण आली, तर 45 लाखांतले सुमारे 17 लाख जातील. ठरलेल्या वाटणीत हा तोटा सव्वापंधरा लाखांच्या आसपास राहिला असता.

शेवटच्या स्लाइडवर एकच निर्णय हवा: 4 लाख 80 हजारांचे शेअर्स विकून रोखे घ्यायचे का, आणि त्यावर कर किती पडेल.