घट शून्य, तरी बिल मोठं

सराफाच्या दुकानात आणि घरी पेपरात वाचलेला सोन्याचा भाव सारखाच असतो. बिल मात्र त्याहून पंधरा-वीस टक्क्यांनी चढतं. हा फरक घडणावळ, घट आणि तीन टक्के जीएसटी यांचा.

घडणावळ म्हणजे कारागिराची मजुरी, डिझाइनचा आणि दुकानाचा खर्च, वर सराफाचा नफा. यंत्रावर विणलेल्या चेनला ती कमी लागते, हाताने घडवलेल्या ठुशीला जास्त. घटीचं कारणही खरं आहे. सोनं कापताना, कानस मारताना, डाग देताना, पॉलिश करताना त्याचा कीस आणि धूळ उडते. पण ती वाया जात नाही. कारखान्यातली झाडलोटसुद्धा जपून ठेवतात. त्या मातीतून सोनं वेगळं काढणाऱ्या झारेकऱ्यांचा व्यवसायच उभा राहिला. त्यामुळे आज बिलावरची घट पुष्कळदा मजुरीचंच दुसरं नाव असते आणि ती कमी करून मागायला हरकत नाही.

खरी गंमत तुलनेत आहे. समजा, २२ कॅरटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे आणि हार हवाय २० ग्रॅमचा. पहिला सराफ आठ टक्के घडणावळ आणि सहा टक्के घट सांगतो. सोन्याचे दोन लाख, वर २८,००० आणि जीएसटी धरून बिल २,३४,८४० रुपये. दुसऱ्याकडे पाटी झळकते : ‘घट शून्य, घडणावळ फक्त दहा टक्के.’ पण तो भाव १०,२०० लावतो आणि हारातले अर्ध्या ग्रॅमचे खडे सोन्याच्या भावाने तोलतो. वजन साडेवीस ग्रॅम, बिल सुमारे २,३६,९१०. चार टक्के स्वस्त दिसणारा सराफ दोन हजारांनी महाग पडला!

म्हणून टक्के बाजूला ठेवावेत. दोन्ही दुकानांत एकाच दिवशी, एकाच कॅरटचं, शक्यतो सारख्याच कामाचं कोटेशन घ्यावं. करासह अंतिम रकमेला खडे-लाख वजा केलेल्या निव्वळ वजनाने भागावं. पहिल्याकडे ग्रॅम ११,७४२ रुपयांना पडतो, दुसऱ्याकडे ११,८४६ला. खडे मौल्यवान असतील, तर त्यांची किंमत वेगळी लिहून घेऊन आधी वजा करावी. घट धरलेल्या वजनावर पुन्हा घडणावळ लावली आहे का, तेही पाहावं.

टक्क्यांच्या हिशेबात आणखी एक मेख आहे : सोनं महागलं की मजुरीही आपोआप वाढते, कारागिराचं काम तेवढंच असलं तरी. ग्रॅममागे ठरावीक रक्कम मागून पाहावी.

दागिना मोडताना घडणावळ, घट आणि कर सहसा परत मिळत नाहीत. त्यामुळे दर, निव्वळ वजन, घडणावळ आणि खड्यांची किंमत बिलावर वेगवेगळी लिहून घ्या, आणि दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर दुकानातच तपासा.