तुपाच्या दिव्याला काजळी कमी का?

शालेय विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीचा प्रकल्प अहवाल वाचायला मिळाला. कोणत्या दिव्याची काजळी जास्त, हा तिचा प्रश्न. निरांजनात तूप आणि फुलवात, समईत तिळाचं तेल आणि लांब वात, पणतीत एरंडेल आणि जाड वळलेली वात, असे तीन दिवे लावून तिने प्रत्येकावर स्टीलची ताटली धरली. तुपाची ताटली जवळजवळ स्वच्छ राहिली, म्हणून तूप सर्वांत चांगलं, असा निष्कर्ष. देवघरात आपल्यालाही तसंच दिसतं. पण तिने तेलाबरोबर वातही बदलली होती, तेव्हा श्रेय तुपाचं की फुलवातीचं, हे त्या प्रयोगातून कळूच शकत नाही.

हे कळायला ज्योतीत काय चालतं ते पाहावं लागेल. तेल वातीतून वर चढतं, टोकाशी तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. ज्योतीच्या आतल्या भागापर्यंत हवा पुरेशी पोचत नाही. तिथे वाफेतले रेणू तुटून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ज्योत पिवळी दिसते ती हेच कण तापून उजळतात म्हणून. म्हणजे काजळी प्रत्येक पिवळ्या ज्योतीत असतेच. ज्योत लहान असेल तर वर जाता जाता कणांना हवा मिळते आणि ते जळून जातात. ज्योत फार उंच झाली की टोकाशी कण जळायचे राहतात आणि धूर सुटतो. रॉकेलची प्रत तपासतानाही धूर न सोडता ज्योत किती मिलिमीटर उंच होते, हे मोजतात.

ज्योतीची उंची बऱ्याच अंशी वात ठरवते. फुलवातीचं टोक जेमतेम वर असतं, त्यामुळे ज्योत आखूड राहते. समईची वात जरा जास्त पुढे सारली की तेच तेल धुरकट जळू लागतं. तूपही लांब, बाहेर काढलेल्या वातीवर जाळलं तर काजळी धरतं. जाड वात जास्त तेल ओढते. फार घट्ट पिळलेल्या वातीत तेल नीट चढत नाही. चिंधीची वात करायची तर कापड निव्वळ सुती हवं, कारण टेरिकॉटचा धागा वितळतो आणि स्वतःचाच काळा धूर काढतो.

दुसरी अडचण ताटलीची. ताटली ज्योतीत खुपसली तर धातू ज्योतीला थंड करतो आणि एरवी जळून गेले असते ते कणही तिथे चिकटतात. घरी काजळ धरताना नेमकं हेच करतात, म्हणून शांत जळणाऱ्या दिव्यातूनही भरपूर काजळ मिळतं. खोलीत सुटणारी काजळी मोजायची असेल तर ताटली ज्योतीच्या टोकाच्या चांगली वर हवी, आणि प्रत्येक दिव्यासाठी ते अंतर तेवढंच हवं. मुलीने ताटली हातात धरली होती. ती स्टँडला लावायला हवी होती.

मग मोजायचं कसं? ही काजळी काही मिलिग्रॅमच भरते, शाळेच्या तराजूला ती जाणवत नाही. त्यापेक्षा ताटलीऐवजी काचपट्टी घ्यावी, ती थंड झाल्यावर दिव्याखाली धरावी आणि मोबाइलच्या लक्समापकाने पलीकडे किती उजेड येतो ते पाहावं. समजा, स्वच्छ काचेतून ८०० लक्स आले आणि काजळलेल्या काचेतून ४००. तेवढाच आणखी एक थर बसला तर आकडा शून्यावर येत नाही, २०० होतो. म्हणून उजेड निम्मा झाला तर काजळी एक माप आणि पाव उरला तर दोन मापं धरावी. नुसती वजाबाकी केली तर दुसऱ्या थराची काजळी पहिल्याच्या निम्मी भासेल.

शिवाय दिव्याने तेल किती जाळलं, तेही पाहायला हवं. समजा, तासाभरात तिळाचं तेल ६ ग्रॅम जळलं आणि तीन मापं काजळी बसली. एरंडेल २ ग्रॅम जळलं आणि दोन मापं बसली. ताटल्या शेजारी ठेवल्या तर तीळ जास्त काळा दिसेल, पण दर ग्रॅमला तिळाचं अर्धं माप पडतं आणि एरंडेलाचं एक. दिवा आधी आणि नंतर तोलला की हे कळतं. ग्रॅमचा फरक साध्या स्वयंपाकघरातल्या काट्यावरही दिसतो.

तेव्हा नव्याने मांडणी करायची तर एकाच सुती वातीचे सारखे तुकडे, टोक सगळीकडे ५ मिलिमीटर वर, बदल फक्त तेलात. मग तेल एकच ठेवून टोक ५, १० आणि १५ मिलिमीटर. पंखा बंद, कारण हलणारी ज्योत कोणत्याही तेलाला धूर काढायला लावते. एवढं करूनही एरंडेल पेचात टाकतं: ते तिळाच्या तेलापेक्षा दहापटीहून दाट असल्याने वातीतून हळू चढतं आणि वात सारखी असूनही ज्योत लहान राहते. थंडीत तूप गोठलं की त्याचंही तसंच होतं. म्हणून अहवालाच्या तक्त्यात तेल आणि वात यांच्या शेजारी ज्योतीच्या उंचीचा एक रकाना लागतो, आणि दिव्यातली तेलाची पातळी उतरून ज्योत खाली येण्याआधीच नोंद संपवावी लागते.