पुण्याहून फ्रँकफर्ट, २८ मिनिटांत

समजा, पुण्यातल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागातल्या मॅडमनी सकाळी ९:१२ला ऑफिसच्या मेलमध्ये लॉगिन केलं. ९:४०ला त्याच खात्यात जर्मनीतल्या फ्रँकफर्टहून लॉगिन झालं. अंतर साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे वेग ताशी सुमारे १४ हजार! आयटी विभागाच्या पडद्यावर ‘इम्पॉसिबल ट्रॅव्हल’चा इशारा झळकतो.

पण माणूस कुठे आहे हे यंत्रणेला दिसतच नाही. तिला दिसतो तो आयपी पत्ता. मॅडमच्या लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन सुरू झालं आणि त्याचं बाहेर पडण्याचं दार फ्रँकफर्टला असलं, तर त्या खुर्चीवरून न हलता जर्मनीत पोचतात. म्हणून अंतराआधी उपकरण बघायचं. दोन्ही नोंदींत लॅपटॉपचा डिव्हाइस आयडी एकच आहे का? त्याच पत्त्यावरून इतर सहकारीही रोज येतात का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर पासवर्डला हात लावायचं कारण नाही. प्रत्येक इशाऱ्याला रिसेट लादला, की लोक Pune@123 वरून Pune@124 वर जातात, एवढंच.

आता दुसरी शक्यता. उपकरण अनोळखी, पत्ता भाड्याने सर्व्हर देणाऱ्या कंपनीचा, लॉगिन यशस्वी. मायक्रोसॉफ्टच्या नोंदीत पुढे हे वाक्य:

```
MFA requirement satisfied by claim in the token
```

म्हणजे ओटीपी या वेळी विचारलाच गेला नाही. आधी मिळालेल्या टोकनवर काम भागलं. एरवी हे वाक्य अगदी निरुपद्रवी असतं, पण अनोळखी उपकरणाशेजारी ते दिसलं की टोकन चोरीला गेल्याचा दाट संशय घ्यायचा. चोर खोटं लॉगिन पान मधे उभं करतो. मॅडम तिथे पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही भरतात आणि खऱ्या साइटने दिलेली सेशन कुकी त्याच्या हाती पडते. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने अशाच एका मोहिमेची माहिती दिली होती. तिचा रोख दहा हजारांहून अधिक संस्थांवर होता.

अशा वेळी मॅडमना फोन करायचा. मेल नको, तो चोरही वाचत असेल. फोन लागला नाही तरी थांबू नये. खातं पैशांचे व्यवहार सांभाळणारं आहे. पासवर्ड बदलून लगेच सगळी सेशन्स रद्द करायची:

```
Revoke-MgUserSignInSession -UserId <user-id>
```

नुसती सेशन्स तोडली, तर चोर जुन्याच पासवर्डने परत येईल. नुसता पासवर्ड बदलला, तर प्रत्येक चालू सेशन बंद पडेलच असं नाही. दोन्ही केल्यावरही आधी दिलेलं अॅक्सेस टोकन काही अॅप्समध्ये तासभर चालू शकतं. म्हणून तेवढा वेळ खात्यावर नजर ठेवावी लागते.

आणि खरी गोम पुढेच असते. चोराने ओटीपीसाठी स्वतःचा फोन जोडला असेल, किंवा मेलबॉक्समध्ये ‘invoice’ शब्द असलेले मेल गुपचूप आरएसएस फीड्सच्या फोल्डरात ढकलणारा नियम टाकला असेल, तर ते रिसेटनंतरही तसंच राहतं. ते हाताने शोधून काढावं लागतं.