पांढऱ्यावर पांढरे: कपाची हरवलेली कड

चिनी मातीचा पांढराशुभ्र कप पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला, की स्क्रीनवर कप असतो, पण त्याची कड कुठे संपते ते सांगता येत नाही. ऑनलाइन विक्रीसाठी मात्र ती कड नेमकी हवी असते. अ‍ॅमेझॉनवर वस्तूच्या मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग 255 वर. कॅमेऱ्यातून आलेला कागद सहसा तेवढा पांढरा नसतो. तो तसा करायचा, पण कपाला धक्का लावायचा नाही, तर आधी कप वेगळा निवडावा लागतो.

कड दिसत नाही म्हणजे ती फोटोत नाही, असे मात्र नाही. नेहमीच्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 0 ते 255 अशा 256 पायऱ्या असतात. समजा, कागद 248 वर आहे आणि कपाची उजेडाकडची बाजू 243 वर. पाच पायऱ्यांचा हा फरक फाइलमध्ये नोंदलेला असतो, डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. फोटोशॉपचे काम करणारे अशा वेळी फोटोवर लेव्हल्सचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर चढवतात आणि काळ्या टोकाचा स्लायडर उजवीकडे, 220 पर्यंत सरकवतात. आता 220 चा काळा होतो, 255 चा पांढराच राहतो आणि मधल्या 35 पायऱ्या पूर्ण पट्टीवर ताणल्या जातात. कागद 204 वर येतो, कप 168 वर. पाचाचा फरक छत्तीसचा झाला! करड्या कपाची रेघ लख्ख दिसू लागते. मूळ फोटोला यात काहीच होत नाही, कारण हा लेयर चष्म्यासारखा वरून लावलेला असतो.

खरी गंमत पुढे आहे. एकाच आकड्यावर कपाची सगळी कड कधीच सापडत नाही. बुडाशी सावली पडलेली असते. तिथे कप 212 आणि सावली 216 असेल, तर 220 च्या खालचे सगळे काळेकुट्ट होऊन दोन्ही एकमेकांत मिसळतात. अशा जागी काळा स्लायडर 190 वर मागे घ्यायचा आणि पांढरा 230 पर्यंत खाली आणायचा. कानाच्या आतल्या पोकळीसाठी कदाचित तिसराच आकडा लागतो. म्हणून घाई न करता एकेका भागापुरता स्लायडर लावून, पेन टूलने तेवढाच पाथ काढत पुढे जावे. लेव्हल्सचे आकडे कितीही बदलले तरी आधी काढलेला पाथ जागचा हलत नाही. पेन टूलची निम्मी किंमत इथेच वसूल होते.

मॅजिक वाँडने एका क्लिकमध्ये काम होईल, असा मोह होतो. ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ चालू असेल, तर त्याला ताणलेले चित्र दिसतेही. पण कॉन्ट्रास्ट वाढवला की कडेबरोबर कचराही वर येतो. दाबून लहान केलेल्या जेपेग फाइलमध्ये 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन उघडे पडतात आणि वाँड त्यांच्याच कडा धरून करवतीसारखी वाकडी रेघ आखते. कपासारख्या कठीण, गुळगुळीत वस्तूला पेनच बरे. शक्य असेल तर रॉ फाइलपासून 16 बिटमध्ये सुरुवात करावी. तिथे पायऱ्या बारीक असल्याने ताण सहन होतो.

सावल्यांमुळे आणखी एक चकवा बसतो. कपाच्या कडेला सावलीची मऊ उतरण लागून असेल, तर स्लायडर हलताना रेघही सरकताना दिसते. खऱ्या कडेची रेघ जागेवर राहते, सरकते ती सावलीची हद्द. आणि ओठावर झगमगाट होऊन कप व कागद दोन्ही 255 झाले असतील, तर ताणायला काही उरतच नाही. तिथे शेजारच्या दिसणाऱ्या वळणावरून लंबवर्तुळ हाताने पुरे करावे लागते. हे टाळायचे असेल, तर फोटो काढतानाच कपाच्या दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर काळे पुठ्ठे उभे करतात. त्यांचे प्रतिबिंब पडून कपाच्या कडेला बारीक गडद रेघ येते.

पाथ पुरा झाला की त्याला नाव देऊन ठेवावे, नाहीतर नवा पाथ सुरू करताच जुना जातो. मग Ctrl+Enter दाबून सिलेक्शन करावे आणि अर्ध्या पिक्सेलचे फेदर देऊन मास्क लावावा. खाली गडद करड्या रंगाचा लेयर ठेवून पाहिले, की राहिलेली पांढरी किनार लगेच दिसते. तशी दिसली तर पाथ पिक्सेलभर आत घ्यावा. शेवटी करडा लेयर आणि लेव्हल्सचा लेयर दोन्ही काढून टाकावेत आणि खाली 255 चा पांढरा भरावा. लेव्हल्सचा लेयर विसरून फाइल सेव्ह झाली, तर गिऱ्हाइकाला पांढऱ्याऐवजी करडा कप दिसेल.