पाच तारखेची स्लाइड

महिन्याची पाच तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या व्याजाचा हा नियम. बँकेत बसणाऱ्याला त्यात काही अवघड वाटत नाही. पण पहिल्या पगारातून हजार रुपये बाजूला काढू पाहणारी मुलगी लोकलमध्ये उभ्याउभ्या, एका हातात मोबाइल धरून हे वाचत असेल, तर ती अर्ध्यावरच पुढे सरकते.

तिच्यासाठी बँका, पोस्ट खातं आणि गुंतवणूक सल्लागार हल्ली इन्स्टाग्रामवर कॅरोसेल करतात. एकाच पोस्टमध्ये अंगठ्याने सरकवत एकामागून एक बघायच्या स्लाइड्स. पूर्वी एका पोस्टमध्ये दहा बसायच्या, २०२४ पासून वीस बसतात. जागा आहे म्हणून ती भरायलाच हवी असं नाही; पीपीएफसारख्या योजनेला आठ पुरे होतात. खरं काम असतं ते कोणती माहिती कितव्या स्लाइडवर येईल हे ठरवण्याचं.

पहिल्या स्लाइडवर बहुतेक जण योजनेचं पूर्ण नाव आणि खाली ‘संपूर्ण माहिती’ असं लिहितात. त्यावर कुणी थांबत नाही. ‘वर्षाला किमान ५०० रुपयांत चालणारं सरकारी बचत खातं’ हे वाचून नवखा माणूस थांबू शकतो, कारण त्याच्या मनातली पहिली शंका ‘आपल्याला परवडेल का’ हीच असते. मुदत पंधरा वर्षांची आहे, हे मात्र दुसऱ्याच स्लाइडवर यायला हवं. ते सहाव्या स्लाइडपर्यंत लपवणं ही जाहिरातवाल्यांची जुनी खोड. शिवाय पहिली स्लाइड बघून पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा दाखवतं तेव्हा अनेकदा दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणून दुसरी स्लाइड पहिलीशिवायही कळायला हवी.

आता पाच तारीख. ती एका स्लाइडमध्ये बसवायचा हट्ट सोडावा आणि दोन घ्याव्यात. पहिलीवर एका महिन्याचं कॅलेंडर: १ ते ५ हिरव्या रंगात, ६ पासून पुढचे दिवस राखाडी. चारच्या चौकटीत ‘हजार रुपये’, आठच्या चौकटीतही तेच. खाली दोनच ओळी. ‘४ तारखेला भरले, तर याच महिन्यापासून व्याज. ८ तारखेला भरले, तर पुढच्या महिन्यापासून.’ ‘सर्वांत कमी शिल्लक’ हे शब्द स्लाइडवर आलेच नाहीत, तरी नवीन पैसे भरणाऱ्याला त्या नियमातून जे हवं ते मिळालं. पाच तारखेच्या आत पैसे खात्यात जमा झालेले असायला हवेत, नुसते पाठवलेले नव्हेत, एवढं मात्र लहान अक्षरांत का होईना, लिहावं.

दुसऱ्या स्लाइडवर आकडे. वर्षाला १२,००० रुपये, व्याजदर ७.१ टक्के. सगळी रक्कम एप्रिलच्या पाच तारखेच्या आत एकदम भरली, तर वर्षअखेर ८५२ रुपये व्याज होतं. दरमहा हजार, पाचच्या आत भरले तर साधारण ४६१ रुपये. तेच दर महिन्याला आठ तारखेला भरले तर ३९० रुपये. या तीन रकमांचे तीन स्तंभ काढायचे. इथे डिझायनरची एक सवय नडते: फरक ठळक दिसावा म्हणून स्तंभ शून्याऐवजी ३५० पासून सुरू करायचे. मग एकाहत्तर रुपयांचा फरक दुप्पट-तिप्पट वाटतो आणि बघणाऱ्याला उगाच धसका बसतो. उलट टोकाला, मुद्दल आणि व्याज मिळून एकच स्तंभ काढला, तर १२,८५२ आणि १२,३९० जवळजवळ सारखेच दिसतात. तेव्हा फक्त व्याजाचे स्तंभ, तेही शून्यापासून, आणि वर ‘पहिल्या वर्षाचं व्याज’ असं मथळ्यात लिहिलेलं. एप्रिलमध्ये एकरकमी बारा हजार काढणं नव्या नोकरदाराला जमतंच असं नाही. त्यामुळे तो स्तंभ दाखवावा, पण ‘हेच करा’ असं त्यावर लिहू नये.

पैसे परत कधी मिळणार, या स्लाइडवर सगळ्यात जास्त चुका होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये उघडलेलं खातं ऑगस्ट २०४० मध्ये पूर्ण होतं, असं सर्रास छापलं जातं. प्रत्यक्षात पंधरा वर्षं मोजायची ती खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून, म्हणजे ३१ मार्च २०२६ पासून. म्हणून मुदत संपते ३१ मार्च २०४१ ला. हे शब्दांत सांगण्यापेक्षा एक आडवी रेघ ओढावी आणि तिच्यावर खऱ्या तारखांच्या खुणा कराव्यात: ऑगस्ट २०२५ ला खातं, एप्रिल २०३१ पासून काही रक्कम काढण्याची सोय, मार्च २०४१ ला मुदतपूर्ती. मधली खूण महत्त्वाची. ‘पंधरा वर्षं पैसे अडकले’ ही धास्ती तिथे कमी होते. किती रक्कम काढता येते याचं सूत्र इथे नको. मर्यादा आहे एवढं सांगितलं की पुरे.

मग येते सगळ्यांना आवडणारी स्लाइड: शेवटी किती जमतील? दरमहा हजार, दर वेळी पाचच्या आत, एप्रिलपासून सलग पंधरा वर्षं. भरलेले १ लाख ८० हजार, हाती येणारे साधारण ३ लाख १५ हजार. पण हे दर ७.१ टक्क्यांवरच राहिला तर. सरकार दर तिमाहीला तो ठरवतं. एप्रिल २०२० मध्ये तो ७.९ वरून ७.१ झाला. ही अट आणि दराची तारीख याच स्लाइडवर, आकड्याला लागून हवी. कारण घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो तो या एका स्लाइडचा स्क्रीनशॉट, आणि पुढच्या स्लाइडवरची तळटीप त्याच्याबरोबर जात नाही. कराच्या स्लाइडलाही हेच लागू: व्याज करमुक्त आहे, पण भरलेल्या रकमेवरची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. ‘पूर्ण करमुक्त’ असं एका दमात लिहून मोकळं होऊ नये.

मराठीत स्लाइड करताना अक्षरांचा वेगळाच ताप असतो. १०८० पिक्सेल रुंदीची स्लाइड मोबाइलवर साधारण एक तृतीयांश होते, त्यामुळे ३६ पिक्सेलपेक्षा लहान मजकुरात जोडाक्षरं गचपण होतात. इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यात ओळींमधलं अंतर कमी असतं. तिथे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकतो. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची मांडणी वेगळी निवडावी लागते. ती राहिली तर ‘निधी’तली पहिली वेलांटी ‘न’च्या पुढे जाऊन बसते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

पोस्ट टाकण्याआधी पीपीएफ खातं नसलेल्या दोन-तीन जणांना स्लाइड्स मोबाइलवरच दाखवाव्यात, डिझायनरच्या मोठ्या स्क्रीनवर नव्हे. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी मोबाइल परत घ्यावा आणि दोन प्रश्न विचारावेत. सप्टेंबरच्या सात तारखेला हजार रुपये भरले, तर त्यांच्यावर सप्टेंबरचं व्याज मिळेल का? आज खातं उघडलं, तर ते कोणत्या वर्षी पूर्ण होईल? पहिल्याचं उत्तर चुकलं तर कॅलेंडर पुन्हा काढावं लागतं, दुसऱ्याचं चुकलं तर रेघ.