टोमॅटोच्या टोकावरील काळा डाग

टोमॅटोच्या छायाचित्रावरून व्याधीचे निदान करावयाचे असेल, तर प्रथम देठ कोणीकडे आहे हे पाहावे. कारण देठापासून निघालेल्या उभ्या अथवा वर्तुळाकार भेगा असतील, तर दीर्घ तहानेनंतर एकदम मिळालेल्या पाण्याने फुगलेल्या गराला साल पुरी पडली नाही, एवढाच त्यांचा अर्थ होय. देठाच्या विरुद्ध टोकास, म्हणजे जेथे फूल होते तेथे, खरबरीत तपकिरी व्रण व वेड्यावाकड्या घड्या दिसल्यास ते कॅटफेसिंग. त्याचे मूळ बहुधा कळी घडत असताना पडलेल्या थंडीत असते. परंतु त्याच टोकास आधी पाणचट आणि मग काळा, चामड्यासारखा, आत दबलेला डाग दिसला, की शेतकरी बुरशीनाशक खरेदी करतो, आणि तो खर्च हकनाक जातो.

ही व्याधी संसर्गजन्य नव्हे; बुरशी येते ती मागाहून. कोवळे फळ वेगाने वाढत असता त्याच्या टोकाला कॅल्शियम अपुरे पडते आणि तेथील पेशी ढासळतात. चुना मुबलक असलेल्या दख्खनच्या काळ्या रानातही हे घडते, कारण कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चालते, आणि तो प्रवाह बाष्पोत्सर्जन करणारी पानेच बव्हंशी आपल्याकडे ओढून घेतात. पाण्यात खंड पडला, अथवा अमोनियायुक्त खताची मात्रा वाढली, की फळाच्या वाट्याचा अल्प अंशही घटतो. पानांवर फवारलेले कॅल्शियम फळात उतरत नाही. म्हणून डागी फळे तोडावीत, वाफ्यावर आच्छादन घालावे आणि पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवाव्यात, म्हणजे पुढील घोस बहुधा निर्दोष येतात.