रविवारचा फोन बंद झाला तेव्हा

मुलगा तिकडे बंगळुरूत, आई-वडील साताऱ्यात. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. दिवाळीला तो घरी आला, काहीतरी बोलाचाली झाली आणि तेव्हापासून फोन बंद. आई दोन महिने वाट पाहते आणि एका रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिते: “आई-बाप आहेत की गेले, एवढं तरी विचारशील का? शेजारच्या काकूंचा मुलगा अमेरिकेतून रोज फोन करतो. तुझ्यासाठी काय नाही केलं आम्ही? असो. तू सुखी राहा.”

हे उदाहरण मी रचलेलं असलं, तरी अशी वाक्यं आपल्या घरांतून रोज बोलली जातात. त्यांतलं दुःख शंभर टक्के खरं असतं. पण मुलाला त्यात दुःख दिसत नाही. त्याला दिसतं ते मरणाचं भय, शेजारच्या मुलाशी तुलना, उपकारांची यादी आणि शेवटी दार लावून घेणारं “असो”. याला उत्तर म्हणून तो माफी मागेल किंवा भांडेल. दोन्ही नको असेल तर तो मेसेज वाचून फोन बाजूला ठेवेल, आणि बहुतेक वेळा हेच होतं.

थॉमस गॉर्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पालकांसाठी लिहिलेलं पुस्तक 1970 मध्ये आलं. त्यात त्याने एक साधी रीत सांगितली: समोरचा कसा आहे ते सांगू नका, काय घडलं आणि त्याने माझं काय झालं, ते सांगा. ऐकायला सोपं वाटतं, पण इथे एक फसगत हमखास होते. “मला वाटतं, तू आम्हाला विसरलास” या वाक्याची सुरुवात ‘मला’ने होते, तरी तो आरोपच आहे. ओळखायची खूण अशी, की मुलगा “नाही, तसं नाहीये” असं म्हणू शकत असेल तर ते तुमचं मत आहे. “मला चुकल्यासारखं होतं” हे मात्र त्याला खोडता येत नाही.

या रीतीने आईचा मेसेज पुन्हा लिहिला तर असा होईल:

“अरे, दिवाळीनंतर आपलं बोलणं झालं नाही. रविवारी तुझ्या फोनची सवय होती, आता सकाळी फार चुकल्यासारखं होतं. वाईट वाटतं, ते लपवत नाही. तुझ्या नोकरीचा विषय मी सगळ्यांसमोर काढला, तो काढायला नको होता. बोलावंसं वाटेल तेव्हा फोन कर. फोन नको असेल तर दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल. आम्ही दोघं बरे आहोत. – आई”

दुःख यातही आहे, आणि ते स्पष्ट आहे. नोकरीबद्दलच्या वाक्यात चूक नेमकी सांगितली आहे. “माझं काही चुकलं असेल तर माफ कर” असं मोघम लिहिलं असतं, तर काय चुकलं हे शोधायचं काम मुलावरच पडलं असतं. “आम्ही दोघं बरे आहोत” हे वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे त्याच्यावरचा धाक जातो. बाबांची साखर खरंच वाढली असेल तर तेही कळवावं, पण वेगळ्या मेसेजमध्ये आणि बातमीसारखं: गोळ्या बदलल्या, पुढची तपासणी अमुक दिवशी.

मेसेज त्याच्या एकट्याच्या नंबरवर पाठवा. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलात तर ती जाहीर तक्रार होते. मामाकडून किंवा बहिणीकडून निरोप पाठवला तरी तेच. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी “वाचलंस ना?” असं विचारायचा मोह होतो, तो आवरा. विनंती खरी होती की हुकूम होता, ते उत्तर न आल्यावर तुम्ही काय करता यावरूनच त्याला कळतं.

अशा मेसेजने सगळं जुळतंच असं नाही. त्याने संपर्क नको असं स्पष्ट सांगितलं असेल, तर ते पाळावंच लागतं. आणि तो बहिणीशी, मित्रांशी, सगळ्यांशीच बोलेनासा झाला असेल, कामावर जात नसेल, तर प्रश्न रुसव्याचा नाही. तेव्हा मेसेजची शब्दरचना करत बसू नका. त्याच्या जवळच्या मित्राला गाठा, जमलं तर स्वतः जा.

आणि एखाद्या रविवारी फोन आलाच, तर “आज कशी काय आठवण झाली?” हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. जेवलास का, एवढंच विचारा आणि त्याला बोलू द्या.